शेंगेन व्हिसा फॉर्मच्या फोटोवरची लेबलं अरबीत करताना

अरे, वाशीतल्या त्या येमेनी स्टुडंटचा फॉर्म करतोयस ना, मग फोटोवरच अरबी चिकटवू नकोस, कारण अरबी उजवीकडून येतं आणि लेबल शेजारच्या बॉक्सचं वाटतं. वेगळ्या कागदावर बॉक्स नंबर टाकून लिही.

खरी गडबड बॉक्स १ आणि ३ मध्ये होते. १ म्हणजे सरनेम, तिथे 'लकब' किंवा 'इस्म अल-आइला' लिही. ३ म्हणजे फर्स्ट नेम, तिथे नुसतं 'इस्म' म्हणजे 'नाव' एवढंच लिहिलंस तर तो स्वतःचं, बापाचं, आजोबांचं आणि घराण्याचं अशी अख्खी माळ तिथेच भरेल, म्हणून 'आडनाव सोडून' हे अरबीत जोडच. नक्की काय भरायचं ते पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत बघायचं, `ALHADDAD<<OMAR<SALEH` असेल तर `<<` च्या आधीचं १ मध्ये, नंतरचं ३ मध्ये, तेही इंग्रजी अक्षरांतच, अरबी लिपीत नाही (हे वरती ठळक लिहून ठेव, लेबल अरबीत दिसलं की हात आपोआप अरबीतच चालतो).

४ ला जन्मतारीख, तिथे दिवस-महिना-वर्ष डावीकडून भरायचं आणि आकडे 0 ते 9 वाले. फोटोत लेबल ब्लर असेल तर अंदाज नको, फोटो परत मागव.