अकरा सर्टिफिकेटं, रेझ्युमेत कुठली आणि कुठल्या क्रमाने?

"डिप्लोमा मेकॅनिकल, अंबडला सहा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. आता सातपूर-सिन्नरच्या ऑटो पार्ट्स कंपन्यांत क्वालिटी इंजिनिअरसाठी अर्ज करतोय. अकरा सर्टिफिकेटं तारखेप्रमाणे लावलीत, अर्धं पान त्यातच जातं. यादी सोबत जोडलीय. काय ठेवू, काय काढू?"

घोळ तारखेनेच केलाय. डिजिटल मार्केटिंगचा कोर्स शेवटी केलात म्हणून तो सगळ्यात वर बसलाय, आणि आयएटीएफ १६९४९ या ऑटो क्षेत्रातल्या क्वालिटी मानकाचं इंटर्नल ऑडिटर ट्रेनिंग थेट सातव्या नंबरवर गेलंय. वाचणारा क्वालिटी मॅनेजर तिथपर्यंत पोचेलच असं नाही. नोकरीची जाहिरात समोर ठेवा आणि तिच्यात जे मागितलंय त्या क्रमाने लावा. या पदासाठी बहुतेक ठिकाणी आयएटीएफ, एमएसए, एसपीसी, एफएमईए हेच शब्द दिसतील.

म्हणजे पहिलं इंटर्नल ऑडिटर, दुसरं एमएसए-एसपीसी, तिसरं एफएमईए, चौथं एनपीटीईएलचा ऑनलाइन कोर्स. एनपीटीईएलची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि सर्टिफिकेटवर गुण छापलेले असतात, म्हणून गुण चांगले असतील तर तेही लिहा. नुसते व्हिडिओ पाहून मिळालेल्या सर्टिफिकेटला तेवढं वजन नाही. जाहिरातीत ड्रॉइंगचं काम असेल तरच ऑटोकॅड पाचवं. पायथॉन, डिजिटल मार्केटिंग, टॅली आणि दोन्ही वेबिनार काढून टाका.

एफएमईए, म्हणजे बिघाड होण्याआधीच त्याची जोखीम तपासायची पद्धत, तिच्याबद्दल सावध राहा. तुमचा कोर्स २०१८ चा आहे, म्हणजे जोखमीचे गुण गुणून आरपीएन हा आकडा काढायच्या पद्धतीचा. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए हँडबुकमध्ये आरपीएनऐवजी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आली. वर्ष लपवू नका, पण नवी पद्धत वाचून जा. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथूनच येऊ शकतो.

सर्टिफिकेटला खरी ताकद येते ती अनुभवाच्या रकान्यातून. एमएसए, म्हणजे मोजमाप पद्धतीची तपासणी, शिकलात; मग गेज आर अँड आर, म्हणजे गेज आणि ऑपरेटरमुळे मोजमापात किती फरक पडतो याचा अभ्यास, केलाय का? केलं असेल तर अंबडच्या नोकरीखाली अशी ओळ घाला: "मायक्रोमीटरचा गेज आर अँड आर अभ्यास: १० पार्ट, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ रीडिंग, निकाल अमुक टक्के, त्यावर ही सुधारणा केली." आकडा स्वतःचा खराच टाका. १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगला, ३० च्या वर गेला तर तो चालत नाही, हे मॅनेजरला पाठ असतं. आकडा वाईट आला आणि तुम्ही त्यावर काय केलंत हे सांगता आलं, तर ते माझ्या मते आणखी चांगलं. हातून काम झालं नसेल तर सर्टिफिकेट तेवढं राहू द्या, अनुभवात ओढूनताणून आणू नका.

उरलं एमएससीआयटी. या रेझ्युमेत त्याचं काम नाही. पण सरकारी भरतीत ते बऱ्याच पदांना मागतात, म्हणून त्या अर्जांसाठी वेगळी प्रत ठेवा आणि तिथे ते वरच लिहा.