लेव्हल केलेल्या काळ्या रानात पाणी का साचतं?

प्रश्न: लेझर लेव्हलरने रान एकदम सपाट केलं, तरी सोयाबीनमध्ये पाणी का तुंबतं? डिझाइनमध्ये काय चुकतं?

उत्तर: एकदम सपाट केलं, तिथेच चुकलं. शून्य उतार भातखाचराला चालतो. सोयाबीनच्या काळ्या रानात मात्र माती एकदा भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी तासाला जेमतेम काही मिलिमीटर मुरतं. उरलेलं पाणी वरूनच काढावं लागतं.

१०० मीटर लांब, ४० मीटर रुंद रान घ्या. त्यावर ६० मिमी पाऊस पडला तर २४० घनमीटर पाणी झालं. लांबीच्या दिशेने ०.३ टक्के उतार दिला, तर वरच्या आणि खालच्या बांधात ३० सेंमी फरक पडतो. एवढ्याने पाणी हलतं आणि माती वाहत नाही. खालच्या बांधाला चर मात्र हवाच, नाहीतर पाणी तिथे जाऊन थांबेल.

दुसरी गोम भरावात असते. टाकलेली माती पहिल्या पावसात दबते आणि तिथे बशीसारखा खड्डा होतो. म्हणून कट आणि फिलचं प्रमाण साधारण १.३ धरतात, म्हणजे भरावापेक्षा खोदाई जास्त. पावसाळ्यानंतर लेव्हल पुन्हा तपासायचीच.

खात्री करायची तर पिवळ्या पडलेल्या पट्ट्यात फावड्याने उकरा. मुळांजवळची माती निळसर-करडी असेल आणि कुजका वास येत असेल, तर तिथे पाणी बरेच दिवस थांबलंय.