मागच्या फडातला ऊस

प्रश्न: आष्ट्याजवळ रस्त्याला लागून आमची रसवंती आहे, ऊस घरचाच. पण शेजारी अगदी तशाच पाच-सहा रसवंत्या झाल्यात. बोर्डावर असं काय लिहावं की गाडी आमच्याकडेच थांबेल?

उत्तर: तुमच्या प्रश्नातच ओळ आहे, ‘ऊस घरचाच’. तेवढी नीट लिहा, बाकी बरंच पुसा.

मी सांगलीत आधी ब्रश धरायचो, आता फ्लेक्स छापतो. रसवंतीचं गिऱ्हाईक आलं की मजकूर ठरलेला असतो: वर देव, मग ‘कानिफनाथ’ नाहीतर ‘नवनाथ रसवंतीगृह’, खाली ‘ताजा, थंडगार, शुद्ध, आरोग्यदायी’, कोपऱ्यात फेसाळलेला ग्लास आणि मोबाईल नंबर. नावाचं कारण आहे. पुरंदर तालुक्यात बोपगावजवळ कानिफनाथांचा गड आहे, आणि तिकडची माणसं रसवंती घेऊन महाराष्ट्रभर पसरली. नाव ठेवा, श्रद्धेचा विषय आहे, पण छोटं ठेवा. ताजा-थंडगार तर सहाही जण लिहितात, म्हणजे वाचणाऱ्याला ते कोरंच दिसतं.

गाडीतल्या माणसाच्या डोक्यात शंका वेगळ्याच असतात. ऊस कधीचा? बर्फ कसला? या शंकेचं उत्तर जो बोर्ड देतो आणि ते खरं असल्याचं लगेच डोळ्यांना दिसतं, तोच चालतो. ‘बिनबर्फाचा रस’ लिहिलंत तर आठवड्यात शेजारीही लिहितील. पण तुमच्या चरकामागं ऊस उभा असेल तर ‘ऊस याच फडातला’ असं लिहा; ही ओळ ज्याच्यामागं मोकळं रान आहे त्यानं लिहिली तर हसंच होईल.

आता ती दिसायची कशी? बहुतेक जण बॅनर रसवंतीच्या दर्शनी बाजूला, रस्त्याला समांतर बांधतात. ड्रायव्हरला तो दिसतो तेव्हा गाडी पुढे गेलेली असते. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. म्हणून बोर्ड रसवंतीच्या १०० मीटर अलीकडे, रस्त्याला आडवा, येणाऱ्याकडे तोंड करून हवा. माझा साधा हिशोब असा: एक इंच उंच अक्षर फार तर २५ फुटांवरून वाचता येतं, आपल्या मात्रा-वेलांट्यांमुळं कमीच धरा. दहा इंचांचं अक्षर साधारण ६०-७० मीटरवरून लागतं, म्हणजे वाचायला चार सेकंद. त्यात चार-पाच शब्दच बसतात. आठ बाय चारच्या पत्र्यावर दोन ओळी:

रस प्या
ऊस याच फडातला

दुसऱ्या बाजूच्या गाड्यांसाठी तसाच एक तिकडून. तो आपल्या किंवा विचारून दुसऱ्याच्या रानात रोवा. सरकारी खांबावर, रस्त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय लावाल तर उचलून नेतील.

रंगाचं एक सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली. ऊस म्हणून बोर्ड हिरवा, असं ठरवून एकाला झकास पोपटी फ्लेक्स करून दिला. लावला उसाच्या फडापुढं. लांबून बोर्डच दिसेना! पैसे परत मागितले नाहीत त्यानं, पण बोलला बरंच. पिवळ्या पत्र्यावर काळी ऑइलपेंटची अक्षरं करा. फ्लेक्सवरचं लाल तर उन्हाळ्यात भराभर उडतं, आणि तुमचा धंदा उन्हाळ्याचाच.

चरकाजवळ मात्र छापील काही नको, एक पाटी ठेवा. खडूनं रोज लिहायचं: ‘आज सकाळी तोडला – मंगळवार’. खडूचं अक्षर आजचं आहे हे माणसाला कळतं. पण बुधवारी मंगळवारच राहिला तर पाटी नसलेली बरी. आणि फड संपून बाहेरचा ऊस आणायची वेळ आली की बोर्डावरची ‘ऊस याच फडातला’ आणि पाटीवरची ‘आज सकाळी तोडला’ या दोन्ही ओळी झाका. तोडून पडलेला ऊस वाळतो, त्याची साखर उतरते, आणि आमच्या भागात ते जिभेला लगेच कळतं.

बर्फाबद्दल लिहायचंच असेल तर पाटीवर ‘बर्फ मागितला तरच’ असं लिहा. मग मात्र गाळणीतला बर्फाचा खडा काढा आणि रसाचं भांडं बर्फात ठेवून गार करा. एकाकडं ही पाटी होती आणि पोरानं सवयीनं ग्लासात बर्फ टाकला. गिऱ्हाईक पाटीकडं बोट दाखवून भांडत होतं, आणि मागं थांबलेली गाडी शेजारच्याकडं गेली.

‘काविळीवर गुणकारी’ असेल तर आजच पुसा. खाण्याच्या वस्तूनं रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत करायला कायद्यानं बंदी आहे.

मागचा फड कधी तुटणार ते आधी बघा. चरकाजवळच्या चार-पाच सऱ्या कारखान्याला न देता शेवटपर्यंत राखता आल्या, तर बोर्ड तेवढे दिवस खरा राहील.