आधी व्याजदर ठरतो की आधी उत्पन्न?

प्रश्न: वस्तुबाजारात उत्पन्न काढायचं तर व्याजदर माहीत हवा. नाणेबाजारात व्याजदर काढायचा तर उत्पन्न माहीत हवं. मग सुरुवात कुठून करायची? या दोन बाजारांना जोडणारं आयएस-एलएम प्रारूप म्हणजे नुसतं गोल गोल फिरणं नाही का?

उत्तर:

अगदी याच जागी अमेरिकी अर्थतज्ज्ञ ॲल्विन हॅन्सेन यांनी केन्सच्या मांडणीवर बोट ठेवलं होतं. केन्सने १९३६ मध्ये म्हटलं की लोकांची रोखता पसंती, म्हणजे पैसा रोख जवळ ठेवण्याची ओढ, आणि पैशाचा पुरवठा मिळून व्याजदर ठरवतात. पण व्यवहारासाठी लागणारी रोख उत्पन्नावर अवलंबून असते, उत्पन्न गुंतवणुकीवर आणि गुंतवणूक पुन्हा व्याजदरावर. वर्तुळ पूर्ण होतं. जॉन हिक्स यांनी १९३७ मध्ये दोन वक्र एकाच आकृतीत काढले, ते या वर्तुळातून बाहेर पडण्यासाठीच उपयोगी पडतात.

दोन संख्यांची बेरीज १० आणि फरक २ असेल तर त्या ६ आणि ४ आहेत, हे आपण चटकन सांगतो. बेरजेने पहिली संख्या ठरवली आणि फरकाने दुसरी, असं मात्र कुणी म्हणत नाही. दोन्ही अटींनी मिळून दोन्ही संख्या ठरवल्या. इथेही तसंच आहे. ‘वस्तुबाजार उत्पन्न ठरवतो, नाणेबाजार व्याजदर ठरवतो’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. (नाणेबाजार हा शब्दही थोडा फसवा आहे. बँका आपापसात अल्पमुदतीची कर्जं देतात-घेतात तो बाजार इथे अभिप्रेत नाही. लोकांना जवळ ठेवायला हवा असलेला पैसा आणि प्रत्यक्षात असलेला पैसा यांचा मेळ, एवढाच त्याचा अर्थ.)

आकडे घेऊन बघू. किंमतपातळी स्थिर आहे, कर नाहीत आणि परदेशी व्यापारही नाही असं धरा. उपभोग = १०० + ०.७५ × उत्पन्न. गुंतवणूक = २५० − २५ × व्याजदर, आणि व्याजदर टक्क्यांत, म्हणजे चार टक्के असेल तर ४ लिहायचा. सरकारी खर्च १००. वस्तुबाजाराचा समतोल म्हणजे एकूण उत्पादन आणि एकूण मागणी समान. तिघांची बेरीज उत्पन्नाइतकी मांडून सोडवली की हे मिळतं:

उत्पन्न = १८०० − १०० × व्याजदर

हा आयएस वक्र. तो एक उत्पन्न सांगत नाही, जोड्यांची यादी देतो: व्याजदर ३ असेल तर १५००, ६ असेल तर १२००. यातली कुठलीही जोडी वस्तुबाजाराला चालते.

आता पैसा. लोकांना हवी असलेली रोख = ०.५ × उत्पन्न − ५० × व्याजदर. उत्पन्न वाढलं की व्यवहार वाढतात, म्हणून जास्त रोख लागते. व्याजदर वाढला की रोख हातात ठेवणं महाग पडतं, म्हणून लोक ती कमी ठेवतात. पैशाचा पुरवठा ५०० असेल तर:

उत्पन्न = १००० + १०० × व्याजदर

हा एलएम वक्र, आणि हीही जोड्यांचीच यादी आहे. दोन्ही याद्यांत असलेली जोडी एकच: व्याजदर ४, उत्पन्न १४००. ताळा करून बघा. उपभोग ११५०, गुंतवणूक १५०, सरकारी खर्च १००, बेरीज १४००. रोखीची मागणी ७०० − २०० = ५००. हा ताळा प्रत्येक वेळी दोन्ही समीकरणांत करायचाच. मी हा विषय शिकवतो, आणि उत्तरपत्रिकांत बहुतेक चुका अशा दिसतात की जोडी एका बाजारात बसते, पण दुसऱ्यात घालून कुणी बघितलेलीच नसते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे व्याजदर ४ ऐवजी ०.०४ घालणं. मग गुंतवणूक जवळजवळ २५० येते आणि बेरीज कुठेच जुळत नाही.

आता सरकारने खर्च ५० ने वाढवला असं समजा. उपभोगाची सीमांत प्रवृत्ती, म्हणजे वाढलेल्या उत्पन्नातला उपभोगावर जाणारा भाग, ०.७५, म्हणून गुणक ४, म्हणून उत्पन्न २०० ने वाढून १६०० होईल, असं आधीच्या प्रकरणात शिकलेलं असतं. पण १६०० उत्पन्नावर आणि ४ टक्के व्याजावर लोकांना ६०० रोख हवी, आणि आहे ५००. म्हणून तुम्ही नाणेबाजारात जाता. १६०० उत्पन्नाला तिथे ६ टक्के लागतात. ते घेऊन वस्तुबाजारात परत आलात तर ६ टक्क्यांना उत्पन्न १४०० येतं. १४०० ला नाणेबाजार ४ टक्के सांगतो, आणि ४ टक्क्यांना पुन्हा १६००! तुम्ही म्हणता ते गोल गोल फिरणं हेच. या आकड्यांत ते कधीच थांबत नाही. एक बाजार पूर्ण मिटवून मग दुसऱ्याकडे जायचं ठरवलं की असं होतं.

एकत्र सोडवलं तर नवा आयएस वक्र आहे उत्पन्न = २००० − १०० × व्याजदर. एलएम जुनाच. उत्तर: व्याजदर ५, उत्पन्न १५००. वाढ २०० ची नाही, १०० ची.

अर्थव्यवस्था या जोडीपर्यंत पोचते कशी, हे मला बीजगणितापेक्षा महत्त्वाचं वाटतं. इथे दोन बाजारांचा वेग वेगळा आहे हे लक्षात घ्यावं लागतं. उत्पादन वाढवायला वेळ लागतो: आधी मालाचे साठे उतरतात, मग मागणी नोंदवली जाते, मग माणसं कामावर घेतली जातात. रोख्यांचे भाव मात्र लगेच हलतात. लोकांना जवळ असलेल्यापेक्षा जास्त रोख हवी झाली की ते रोखे विकायला काढतात आणि रोख्यांचे भाव पडतात. दरवर्षी १०० देणारा कायमस्वरूपी रोखा २५०० ला मिळत असेल तर परतावा ४ टक्के. भाव २००० वर आला की तोच परतावा ५ टक्के. व्याजदर वाढला याचा अर्थ इथे हाच. सगळ्यांनी मिळून विकल्याने पैसा वाढत नाही, तो फक्त हात बदलतो. पण परतावा वाढत जातो, आणि शेवटी आहे तेवढ्याच रोखीत भागवायला लोक तयार होतात.

म्हणून व्याजदर नेहमी एलएम वक्रावर आहे आणि उत्पादन मात्र मागच्या खेपेच्या मागणीच्या मागून सरकतं आहे, असं धरून पावलं मोजा. खर्च वाढताच मागणी १४५० होते. उत्पादन १४५० वर आलं की व्याजदर ४.५ होतो, त्यामुळे गुंतवणूक १३७.५ वर उतरते, पण उपभोग ११८७.५ वर चढलेला असतो. एकूण मागणी १४७५. उत्पादन तिथे पोचलं की व्याजदर ४.७५ आणि मागणी १४८७.५. वाढ ५०, मग २५, मग १२.५, आणि बेरीज १०० कडे जाते.

वाढ दर खेपेला नेमकी निम्मी का होते? उत्पन्न १०० ने वाढलं की उपभोग ७५ ने वाढतो. पण त्याच १०० मुळे व्यवहारांसाठी ५० जास्त रोख लागते, व्याजदर १ ने चढतो आणि गुंतवणूक २५ ने घटते. पुढच्या खेपेला ७५ नव्हे, ५० च जातात. म्हणून गुणक ४ वरून २ वर आला. पाठ्यपुस्तकं ज्याला खासगी गुंतवणूक बाहेर ढकलली जाणं म्हणतात ते हेच: गुंतवणूक १५० वरून १२५ झाली. व्याजदर आणि उत्पन्न एकत्र ठरतात, म्हणजे वाटेवरच्या प्रत्येक पावलाला ते असे एकमेकांना धरून चालतात.

आता आणखी एक प्रयोग. सरकारी खर्च पुन्हा १०० वर आणा, आणि पैशाचा पुरवठा ५०० वरून ४०० करा. एलएम होतो उत्पन्न = ८०० + १०० × व्याजदर. मूळ आयएसबरोबर सोडवलं तर व्याजदर ५, उत्पन्न १३००.

व्याजदर दोन्ही वेळा ४ वरून ५ झाला, गुंतवणूक दोन्ही वेळा १२५ झाली, पण एकदा उत्पन्न १५०० आणि एकदा १३००. म्हणून ‘व्याजदर वाढला की उत्पन्न घटतं का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. व्याजदर कशामुळे वाढला, ते आधी विचारावं लागतं. दोघंही परिणाम आहेत. कारणं बाहेर आहेत: सरकारी खर्च, पैशाचा पुरवठा, गुंतवणूकदारांचा उत्साह, लोकांची रोखीची ओढ. दोन्ही एकाच दिशेने हलले असतील तर सरकलेला वक्र बहुधा आयएस असतो, विरुद्ध दिशांना हलले असतील तर एलएम. दोन्ही वक्र एकदम सरकले की ही खूण निकामी होते.

एक मर्यादा सांगायलाच हवी. पैशाचा पुरवठा स्थिर आहे असं मी वर धरलं, पण आज बहुतेक मध्यवर्ती बँका व्याजदर ठरवतात आणि तो टिकवायला लागेल तेवढा पैसा बाजारात सोडतात. खर्च ५० ने वाढला आणि बँकेने ४ टक्के धरून ठेवले, तर एलएम आडवा होतो. रोख्यांचे भाव पडू नयेत म्हणून बँकेला रोखे विकत घेत पैसा ५०० वरून ६०० करावा लागतो. गुंतवणूक १५० वरच राहते आणि उत्पन्न खरोखर १६०० होतं, म्हणजे गुणक पूर्ण ४. तरी दोन समीकरणं आणि दोन अज्ञातं कायम राहतात. फक्त व्याजदराच्या जागी आता पैशाचं प्रमाण अज्ञात झालं, आणि ते उत्पन्नाबरोबर एकत्रच ठरतं.