जिवलग मित्राच्या लग्नातील भाषण

जिवलग मित्राच्या स्वागत समारंभात थोडक्यात, मनापासून आणि दोन्ही घरांना आवडेल असे काय बोलू?

दोन मिनिटे पुरतात. त्यांत मित्राचा स्वभाव दिसेल असा एकच प्रसंग सांगावा. माझ्या मित्राच्या लग्नात मी एवढेच सांगितले की, वसतिगृहात मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा तो रात्रभर माझ्या कपाळावरच्या मिठाच्या पाण्याच्या घड्या बदलत बसला आणि सकाळी त्याच्या आईंनी घरून मऊ भाताचा डबा पाठवला. वधूच्या घराची ऐकीव स्तुती करू नये. साखरपुड्याला तिच्या वडिलांनी आम्हां मित्रांना आग्रहाने पहिल्या पंगतीत बसवले, ही स्वतः अनुभवलेली गोष्ट मी सांगितली. ‘आता ती आमची’ असे शब्द मात्र टाळावेत, कारण पाठवणीच्या दिवशी ते तिच्या आईच्या मनाला लागतात.