पिवळा त्रिकोण म्हणजे मध्यम विषारी का?

प्रश्न: काकांच्या शेडमधल्या पाच लिटरच्या कॅनचा फोटो टाकतोय. लेबल अर्धं फाटलंय. त्रिकोण पिवळा दिसतोय, वर लाल अक्षरं आहेत, तळाशी आडवी पिवळी पट्टी. नावातलं फक्त ‘...क्वॅट डायक्लोराईड २४ टक्के एसएल’ एवढंच उरलंय. पिवळा म्हणजे लालपेक्षा बराच सौम्य ना? कपाशीच्या ओळीत गवतावर मारायचंय.

उत्तर:

नाही दादा, सौम्य नाही. तुमच्या फोटोतल्या औषधाच्या बाबतीत तर अजिबातच नाही. चोपड्याकडे एका कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मी चौदा वर्षं काढली. ‘पिवळं शे, काही व्हस नही’ हे वाक्य दर हंगामात ऐकलंय, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही तेच बोलत होतो.

आधी त्रिकोण बघू. आपण ज्याला त्रिकोण म्हणतो तो खरं तर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, मधोमध आडवा कापलेला. खालच्या अर्ध्यात रंग आणि वरच्या अर्ध्यात शब्द. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी हे ठरवून दिलंय, आणि चौकोन दर्शनी लेबलच्या सोळाव्या भागापेक्षा लहान असता कामा नये असंही त्यात आहे. रंग चार: लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यात विषारी, मग याच क्रमाने उतरत जायचं. लाल त्रिकोणाच्या वर कवटी आणि दोन हाडं असतात, सोबत लाल अक्षरांत ‘पॉयझन’. पिवळ्यावर कवटी नसते, पण ‘पॉयझन’ हा शब्द तोच आणि तसाच लाल. निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’.

इथे आपली मराठी डोकी फसतात. ‘डेंजर’ म्हणजे धोका, हा शब्द आपल्याला विजेच्या डीपीवर, रेल्वेच्या फाटकावर दिसतो, म्हणून तो सगळ्यात भीतीदायक वाटतो. कीटकनाशकाच्या लेबलवर तो तिसऱ्या पायरीवर आहे, ‘पॉयझन’च्या खाली. मी एकदा गिऱ्हाइकाला निळ्या त्रिकोणाच्या डब्यावरचा ‘डेंजर’ दाखवून घाबरवलं होतं, आणि त्याच दिवशी दुसऱ्याला पिवळ्याचा डबा हसत हसत दिला होता. उलटं झालं होतं सगळं.

आता फोटोवरून रंग ओळखायचा असेल तर तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. शेडमध्ये पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो, त्यात व्हॉट्सअॅपने दाबलेला. निळा हिरवट दिसतो, पिवळा केशरी. वर्षभर उन्हात पडलेल्या डब्यावरचा लाल विटून नारिंगी होतो. हिरव्यातला पिवळेपणा उडाला की तो निळसर वाटतो. म्हणून मी रंगाआधी वरचा शब्द वाचतो, शब्द पुसला असेल तर कवटी आहे का ते बघतो, आणि तिसऱ्यांदा रंगाकडे वळतो. तुमच्या फोटोत लाल अक्षरं स्पष्ट दिसतात, कवटी दिसत नाही. म्हणजे हा खरोखरच पिवळा गट आहे, विटलेला लाल नाही. दिवसा, डबा सावलीत ठेवून, फ्लॅश न मारता आणखी एक फोटो काढलात तर शंकाच राहणार नाही.

तळाशी जी आडवी पट्टी दिसते तिच्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे कायद्याने बघायचा तो चौकोन. पट्टी कधी कंपनीची नुसती सजावट असते, तर कधी परदेशी पद्धतीच्या लेबलवरून आलेली असते. त्या पद्धतीतही उतरंड लाल, पिवळा, निळा, हिरवा हीच आहे, तरी पट्टी आणि चौकोन जुळले नाहीत तर चौकोनालाच मानायचं. दुसरा घोळ होतो तो कारखान्याच्या रसायनांच्या ड्रमवर. तिथे लाल कडेचा पांढरा चौकोन असतो आणि आत काळं चित्र: ज्वाळा, कवटी, मेलेला मासा. ती लाल कड सगळ्या प्रकारांना असते, तिचा आपल्या लाल त्रिकोणाशी काही संबंध नाही. तिथे आतलं चित्रच वाचायचं.

मग ‘पिवळा’ म्हणजे नेमकं किती विषारी? हे गट उंदरांवरच्या एका मापावरून पडतात, त्याला एलडी-५० म्हणतात. एका वेळी पोटात दिलेल्या किती औषधाने चाचणीतले निम्मे प्राणी मरतात, ते त्यांच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजायचं. तोंडावाटे १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याच्या वर हिरवा. कातडीवाटे जाणाऱ्यासाठी वेगळे आकडे आहेत. यातलं ‘एका वेळी’ आणि ‘उंदीर’ हे दोन शब्द पुढे कामाला येतील.

आता तुमचा डबा. ‘क्वॅट डायक्लोराईड २४ टक्के एसएल’ एवढं उरलंय ना, तर ते पॅराक्वॅट डायक्लोराईड आहे. एसएल म्हणजे पाण्यात विरघळलेलं द्रावण. शंभर मिलिलिटरमध्ये साधारण चोवीस ग्रॅम धरा, म्हणजे दहा मिलिलिटरमध्ये अडीच ग्रॅमच्या आसपास. दहा मिली म्हणजे दोन चमचे. साठ किलोच्या माणसाला हिशेब लावला तर किलोमागे चाळीस मिलिग्रॅम पडतात. हा आकडा उंदराच्या मापाने लाल गटात पडतो, आणि माणसात एवढ्या घोटानेच जीव गेल्याची नोंद आहे. पिवळा रंग उंदराच्या मापाने खरा आहे, पण माणूस त्याच मापाला मरत नाही.

त्यातही पॅराक्वॅटचं वागणं फसवं. कीडनाशकांच्या ऑर्गनोफॉस्फेट गटाने बाधा झाली तर माणूस लगेच घामाघूम होतो, लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, आणि डॉक्टरकडे अॅट्रोपिन असतं. पॅराक्वॅटवर उतारा असा नाहीच. पहिल्या दिवशी उलट्या, तोंडा-घशात जळजळ, मग जीभ-गालाच्या आतून चट्टे. बऱ्याचदा माणूस बोलतो-चालतो, घरचे म्हणतात बरा आहे. किडनी आणि फुप्फुसांचं नुकसान पुढच्या दिवसांत दिसायला लागतं.

आमच्याकडच्याच एका शेतात हे बघितलंय. मजुराने शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध पाणी समजून तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं. ‘थुंकलंच ना, मग काय’ म्हणून मुकादम त्याला घरी पाठवणार होता. मालकाच्या पोराने मूळ कॅनचा फोटो मला पाठवला. मी नाव वाचलं आणि सांगितलं, चूळ भरायला लावा, कपडे काढून अंग धुवा, १०८ लावा आणि कॅनसकट दवाखान्यात न्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडात चट्टे आले, पंधरा दिवस नीट जेवता आलं नाही, पण तो उठला. एक घोट गेला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको.

यावरून दोन गोष्टी करा. लेबलची उरलेली चिंधी तशीच राहू द्या, आणि औषध दुसऱ्या कुठल्याही बाटलीत ओतू नका. लेबलवर वापरण्याचं प्रमाण, बाधा झाल्यास काय करायचं आणि उतारा असतो की नाही याची ओळ असते, डॉक्टर तीच वाचतो. औषध पोटात गेलं तर घरी बोटं घालून उलटी करवू नका. ‘ईसी’ लिहिलेल्या औषधात रॉकेलच्या जातीचं विद्रावक असतं, ते उलटीत फुप्फुसात शिरलं तर वेगळाच घोळ होतो. आणि पॅराक्वॅट उलटीवाटे वर येताना घसा दुसऱ्यांदा जाळतं.

मारायचंच असेल तर मूळ पत्रक मिळाल्याशिवाय प्रमाण ठरवू नका. अर्धं लेबल आणि काकांची आठवण एवढ्यावर नको. दुकानातून त्याच औषधाचं, त्याच टक्केवारीचं पत्रक मागा, ते मराठीतही छापलेलं असतं. सगळ्यात जास्त जोखीम पंपाने फवारताना नसते, कॅनमधून घट्ट औषध मोजून ओतताना असते. तेव्हा रबरी हातमोजे, चष्मा, अंगभर कपडे. पाठीवरचा पंप गळका असेल तर त्या दिवशी काम बंद. ओल्या शर्टातून, खरचटलेल्या पाठीवर तासन्‌तास हे औषध झिरपत राहिलं तर ते अंगात जातं, आणि खरचटलेल्या कातडीचा हिशेब त्रिकोणात नाही. २०१७ ला यवतमाळच्या कपाशीच्या रानांत फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली ती बाटली पिऊन नव्हे. पिवळ्या त्रिकोणाच्या औषधांची नावंही तेव्हा पुढे आली होती.

जाता जाता हिरव्याबद्दल, कारण हा प्रश्न पुढे येतोच. हिरवा त्रिकोण म्हणजे सेंद्रिय नव्हे. तो ‘एका वेळी पोटात किंवा कातडीवाटे गेल्यावर’ एवढंच सांगतो. आणि ज्या बाटलीवर त्रिकोणच नाही, पण दुकानदार ‘अळीवर जबरदस्त’ म्हणतो, तिच्यापासून जास्त सांभाळा. टॉनिक किंवा खतावर त्रिकोण नसतो हे बरोबर, पण कीड मारण्याच्या औषधावर तो आणि नोंदणी क्रमांक दोन्ही असायला हवेत. नसतील तर बाटलीत काय आहे ते कुणालाच सांगता येणार नाही, डॉक्टरलाही नाही.

तुमच्या कॅनचं झाकण घट्ट आहे का आणि आत किती शिल्लक आहे ते बघून कळवा. त्यावर उत्पादनाची आणि मुदत संपायची तारीख दिसली तर तोही फोटो टाका. मुदत उलटली असेल तर कपाशीत मारायचा प्रश्नच नाही, मग ते ओढ्यात किंवा विहिरीजवळ न ओतता कुठे द्यायचं हे तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारा.