मशीनजवळ थंडगार, शेवटच्या खोलीत कोमट: पत्र्याखालच्या डक्टचा हिशेब

प्रश्न: अकोल्यात आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर आहे, छत पत्र्याचं. 3 टनाच्या डक्टेबल मशीनपासून 450 बाय 300 मिलिमीटरचा डक्ट फॉल्स सीलिंगच्या वरून 20 मीटर गेलाय. मशीनजवळ हवा मस्त थंड, शेवटच्या खोलीत उन्हाळ्यात दुपारी कोमट. ठेकेदार म्हणतो, 13 मिलिमीटरचं नायट्राईल रबराचं इन्सुलेशन आहे, तेवढं पुरतं, मशीन मोठं घ्या. खरंच?

उत्तर:

13 मिलिमीटर तिथे पुरत नाही, आणि मोठं मशीन हा त्यावरचा महागडा आणि अर्धवट इलाज आहे. ठेकेदार अगदीच खोटं बोलत नाही म्हणा. स्लॅबच्या इमारतीत, वरचा मजलाही एसीचा असेल, तर फॉल्स सीलिंगच्या वर फार तर 28-30 अंश असतात आणि तिथे 13 मिलिमीटर चालून जातं. तीच सवय पत्र्याखाली आली की घोटाळा होतो.

मे महिन्यात अकोल्यात बाहेर 44 असतं तेव्हा उन्हातला पत्रा 65 च्या पुढे सहज जातो आणि फॉल्स सीलिंग व पत्रा यांच्यामधली कोंडलेली हवा 50 च्या आसपास असते. मशीनमधून हवा निघते 13 अंशांना. म्हणजे डक्टच्या आत आणि बाहेर 37 अंशांचा फरक. स्लॅबखाली हाच फरक 15-17 असतो. इन्सुलेशन तेच, फरक दुपटीहून जास्त, म्हणून डक्टमध्ये घुसणारी उष्णताही दुपटीहून जास्त.

आता तुमचाच डक्ट घेऊन हिशेब करू. हवा 1000 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 1000 घनफूट, धरतो. डक्टचा घेर 1.5 मीटर, लांबी 20 मीटर, म्हणजे डक्टचा 30 चौरस मीटर पृष्ठभाग त्या भट्टीत उघडा आहे. सूत्र साधं आहे:

```
वाढ = (T_roof - T_supply) × (1 - e^(-U·A / C))
U = 1 / (R_in + t/k + R_out)
```

इथे T_roof म्हणजे पोकळीतल्या हवेचं तापमान आणि T_supply मशीनमधून निघणाऱ्या हवेचं. U म्हणजे एक अंश फरकाला दर चौरस मीटरमधून घुसणारे वॉट, A डक्टचं क्षेत्रफळ, t इन्सुलेशनची जाडी मीटरमध्ये, R म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा. C म्हणजे वाहत्या हवेचं तापमान एक अंशाने वाढवायला लागणारे वॉट. 1000 सीएफएमसाठी ते साधारण 570 येतात. नायट्राईलचा k, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज जाते ते, त्या तापमानाला 0.037 धरा. आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या थराचा अडथळा मिळून 0.19 च्या आसपास.

13 मिलिमीटरला U येतो 1.85 आणि शेवटापर्यंत हवा 3.4 अंशांनी तापते. खोली 25 ला ठेवायची असेल तर 13 ची हवा 12 अंशांचं काम करते. त्यातले 3.4 वाटेतच गेले, म्हणजे विकत घेतलेल्या थंडाव्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग पत्र्याला दान. 25 मिलिमीटरला ही वाढ 2.2 अंशांवर येते, 50 मिलिमीटरला सव्वा अंशावर. डक्ट नागडाच असता तर जवळपास नऊ अंश गेले असते. यातून दिसतं की पहिले 13 मिलिमीटर सगळ्यात मोठं काम करतात आणि पुढची प्रत्येक भर थोडी कमी देते. म्हणूनच 13 वर थांबायचा मोह होतो. पण पत्र्याखाली उरलेले ते 3.4 अंशच तुमच्या शेवटच्या खोलीला भोवताहेत.

हा हिशेब सगळी हवा टोकापर्यंत जाते असं धरून केलाय. प्रत्यक्षात वाटेत खोल्यांना फाटे फुटतात आणि शेवटच्या तुकड्यात हवा थोडी उरते. समजा पहिल्या 12 मीटरनंतर 600 सीएफएम निघून गेली आणि उरलेल्या 400 साठी 300 बाय 200 चा डक्ट 8 मीटर पुढे गेला. तर पहिल्या 12 मीटरांत हवा जेवढी तापते, जवळपास तेवढीच या 8 मीटरांत पुन्हा तापते. बेरीज 4.3 अंशांवर जाते. तक्रार नेहमी शेवटच्याच खोलीतून येते त्याचं हे एक कारण. यात कोणी कंटाळून फॅन मंद केला किंवा डॅम्पर आवळला तर आणखी बिघडतं, कारण हवा जितकी रेंगाळते तितकी तापते. मूळच्या सलग 20 मीटर डक्टमध्ये हवा 1000 वरून 500 वर आणली तर 3.4 चे साडेसहा अंश होतात.

मोठ्या मशीनचं काय? 1400 सीएफएमचं बसवलं तर हवा डक्टमधून लवकर निघते आणि वाढ अडीच अंशांवर येते. म्हणजे फरक पडतो, नाही असं नाही. पण घुसणारी उष्णता तीच, सुमारे 2 किलोवॅट, आणि तिचं वीजबिल तुमच्याकडेच. शिवाय त्याच डक्टमधून जास्त हवा ढकलली की आवाज वाढतो आणि मशीनजवळची मंडळी शाली घेऊन बसतात.

काही विकत घेण्याआधी मात्र मोजून बघा, कारण कोमट खोलीला दुसरंही कारण असू शकतं: गळती. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, मशीन तासभर चालल्यावर, थर्मोस्टॅट खाली ओढून ठेवा म्हणजे मधेच कॉम्प्रेसर बंद पडणार नाही. तारेच्या टोकाचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. एक माप मशीनच्या तोंडाशी, दुसरं शेवटच्या ग्रिलच्या आत हातभर, डक्टच्या गळ्यात. ग्रिलच्या बाहेर धरलात तर खोलीची हवा मिसळून आकडा चढा येतो. लेझर गन वापरू नका, ती ग्रिलचं तापमान सांगते, हवेचं नाही.

फरक चार-पाच अंश निघाला तर दोष इन्सुलेशनचा. फरक दीड-दोन अंशच निघाला, हवा थंड आहे पण हाताला जेमतेम लागते, तर ती बहुधा शेवटाजवळच्या सांध्यातून गळते आहे. सांध्यातून बाहेर जाणारी हवा मागे राहिलेल्या हवेचं तापमान फारसं बदलत नाही, फक्त तिचं प्रमाण घटवते. आणि फरक सात-आठ अंशांचा आला तर कुठेतरी इन्सुलेशन सुटून पडलंय, फाट्यावर चढवलंच नाही किंवा हवा कुठेतरी अडून रेंगाळते आहे असं समजा. जाता जाता मशीनच्या रिटर्नच्या तोंडाशीही एक माप घ्या. खोलीत 26 आणि तिथे 30 असेल तर रिटर्नचा सांधा छतातली 50 अंशांची हवा ओढतोय. तो आधी बुजवा, त्यातलं नुकसान वरच्या सगळ्या हिशेबापेक्षा कमी नाही.

आता किती जाडी घ्यायची. ईसीबीसी या ऊर्जा संहितेच्या 2007 च्या आवृत्तीत इन्सुलेशन नसलेल्या छताखालच्या बंद पोकळीतल्या सप्लाय डक्टला R 1.4 मागितला होता. नायट्राईलमध्ये तो 50 मिलिमीटरच्या किंचित वर जातो. तुमच्याएवढ्या ऑफिसला ती संहिता बहुधा बंधनकारक नसेल, पण तो आकडा मोजपट्टी म्हणून योग्य आहे. तुमच्याकडे 13 आधीच आहे आणि धडधाकट असेल तर ते उपटू नका. त्यावरच 25 चा दुसरा थर चढवा. एकूण 38 झाले की वाढ 3.4 वरून 1.6 अंशांवर येते. नवा डक्ट टाकायचा असता तर मी 25 चे दोन थर सांगितले असते, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येणार नाही असे.

दुसरा थर चढवण्याआधी फ्लँजचे सांधे सीलंटने बुजवून घ्या. नंतर ते दिसणारही नाहीत आणि हातालाही लागणार नाहीत. काम चालू असताना दोन ठिकाणी स्वतः टॉर्च मारा. पहिलं, डक्टची वरची बाजू. तापलेला पत्रा नेमका तिच्याकडे बघत असतो आणि उंची कमी असल्याने कारागिराचा हात तिथे पोचत नाही, त्यामुळे शीट तिथेच आखूड पडते. दुसरं, हँगरची पट्टी. ती नायट्राईल आवळून बसते आणि 25 चे 8-10 करून टाकते. पट्टीखाली कडक पॅड किंवा लाकडी ठोकळा हवा. पावसाळ्यात फॉल्स सीलिंगवर ठरावीक अंतराने पिवळे डाग पडत असतील तर ते बहुतेक हँगरखालचे किंवा उघड्या फ्लँजचे असतात.

बाहेरून काळं ठेवायचं की चांदीचा फॉइल, यावर कारागीर दोन्ही ठामपणे सांगतात. अकोल्यात फॉइल घ्या, तो पत्र्याचा विकिरणाचा मारा परतवतो. रत्नागिरीत असतात तर उलट सांगितलं असतं, निदान पातळ थरासाठी. फॉइल बाहेरून उष्णता कमी घेतो म्हणून त्याचा पृष्ठभाग थंड राहतो. छतात 31 अंश असताना 13 मिलिमीटरच्या फॉइलवाल्या डक्टची बाहेरची कातडी 25 च्या आसपास येते, आणि कोकणात जुलैत दवबिंदूही तिथेच असतो. मग डक्टला घाम फुटतो. तीच शीट काळी असेल तर कातडी 27 ला राहते आणि कोरडी असते. जाडी 25 च्या पुढे गेली की हा वाद आपोआप मिटतो.

ग्लासवूल स्वस्त पडतं आणि अडवतंही तेवढंच. पण त्याचं सगळं काम वरच्या फॉइलच्या अखंडपणावर अवलंबून. पत्र्याच्या छतात उंदीर असतातच. त्यांनी फॉइल कुरतडला की पावसाळ्यात लोकर ओली होते आणि ओली लोकर उष्णता अडवत नाही. थर्माकोल कोणी सुचवला तर आगीच्या कारणाने सरळ नकार द्या. नायट्राईल घेतानाही ते आग न पसरवणाऱ्या 'क्लास ओ' दर्जाचं आहे का ते बिलावर लिहून घ्या.

आणि डक्टला हात लावायच्या आधी पत्र्याचा एक अंदाज काढून बघा. पत्र्याला खालून इन्सुलेशन लावून पोकळीतली हवा 50 वरून 42 वर आली, तर तुमच्या आहे त्याच 13 मिलिमीटरमधली वाढ 2.7 अंशांवर येते. शिवाय फॉल्स सीलिंगमधून खोलीत उतरणारी उष्णताही घटते, जी डक्टच्या इन्सुलेशनने कधीच घटणार नाही. ऑफिस स्वतःचं असेल तर मी दोन्ही करीन. भाड्याचं असेल तर डक्टवर 25 चा थर चढवून घ्या, शेवटच्या खोलीचा फाटा आधी, मग मागे मशीनकडे येत या.